लाल, नारिंगी, हिरवा आणि न दिसणारा फरक

३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातल्या ७३३ जिल्ह्यांची तीन रंगांत वाटणी केली. १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. महाराष्ट्राच्या वाट्याला १४ लाल, १६ नारिंगी आणि अवघे ६ हिरवे जिल्हे आले. ४ मेपासून टाळेबंदीचा तिसरा टप्पा सुरू होणार होता. रिक्षा चालणार की नाही, केशकर्तनालय उघडणार की नाही, एसटी निम्म्या प्रवाशांवर का होईना धावणार की नाही, हे सगळे जिल्ह्याच्या रंगावर ठरणार होते. यादी बाहेर पडताच वाहिन्यांच्या पडद्यांवर, वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत रंगवलेले नकाशे फिरू लागले.

त्या नकाशात विदर्भाकडे पाहावे. वर्धा हिरवा, वाशीम हिरवा आणि दोघांना लागून असलेला यवतमाळ लाल. खाली मराठवाड्याच्या टोकाला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हिरवा. शेजारचा सोलापूर लाल. वर्ध्याच्या माणसाने नदी ओलांडली की नियम बदलले. इतका मोठा फरक नकाशाने नुसत्या रंगाच्या भरवशावर सोडला होता आणि त्यासाठी नेमके असे तीन रंग घेतले होते, जे रंगांध माणसाला एकमेकांपासून वेगळे काढायला सर्वांत जड जातात.

रंगांध म्हटले की जग कृष्णधवल चित्रपटासारखे दिसत असेल अशी समजूत असते. तसे फार क्वचित असते. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार लांब तरंगलांबीच्या, म्हणजे लालसर बाजूच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा मधल्या, हिरव्या बाजूच्या, आणि तिसरा आखूड, निळ्या बाजूच्या प्रकाशाला. यातला पहिला किंवा दुसरा प्रकार मुळातच नसेल, किंवा असूनही त्याचा प्रतिसाद शेजाऱ्याच्या फार जवळ सरकलेला असेल, तर लाल आणि हिरव्यातले अंतर आक्रसते. निळा आणि पिवळा यांतला फरक मात्र शाबूत राहतो. पुढचे सगळे उपाय या एका वस्तुस्थितीवर उभे आहेत.

या पहिल्या दोन प्रकारच्या पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते एकच असल्यामुळे त्यात दोष असला तर भरून काढायला दुसरे नसते. म्हणून हा दोष आजोळहून येतो: आईच्या वडिलांकडून आईकडे, तिला काही न जाणवता, आणि तिच्याकडून मुलाकडे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे आठ टक्क्यांना आणि स्त्रियांमध्ये सुमारे अर्ध्या टक्क्याला तो असतो. भारतात झालेल्या पाहण्यांत प्रमाण याहून कमी आढळते आणि समाजागणिक बदलते. तरी पुरुषांचाच भरणा असलेल्या एखाद्या मोठ्या कार्यालयात असे काही जण असणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे. निळ्या बाजूचा दोष फार दुर्मीळ आहे आणि तो स्त्री-पुरुषांत सारखाच आढळतो.

आता नकाशाकडे परत. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या तीन छटा घेऊ: लाल `#F44336`, नारिंगी `#FF9800` आणि हिरवी `#4CAF50`. ज्याच्याकडे हिरव्या बाजूच्या पेशीच नाहीत त्याला या तिन्ही छटा एकाच घराण्यातल्या दिसतात. लाल म्हणजे काळपट मोहरी, हिरवा म्हणजे मळका पिवळसर, नारिंगी म्हणजे जरा उजळ मोहरी. रंग गेला तर फरक ओळखायला उरतो तो उजळपणा. आणि इथेच या छटा दगा देतात. दोन रंगांच्या उजळपणातले अंतर मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे. काळ्या-पांढऱ्यात ते गुणोत्तर २१ येते, आणि दोन्ही रंग सारखेच उजळ असले तर १. वरच्या लाल आणि हिरव्यात ते जेमतेम १.३ भरते. हिरव्या-नारिंगीतही तेवढेच. म्हणजे यवतमाळ आणि वर्धा यांच्यामध्ये, रंग वजा केला तर, जवळपास काहीच उरत नाही.

ज्यांच्या लाल बाजूच्या पेशी नसतात त्यांची अडचण थोडी निराळी आहे. त्यांना लाल रंग मुळात अंधारा दिसतो, गडद लाल तर काळ्याच्या जवळ जातो. काळ्या मजकुरात एक ओळ लाल अक्षरांत छापून आपण तिकडे लक्ष वेधू पाहतो, ती ओळ या वाचकाला बाकीच्या ओळींसारखीच दिसते. धोक्यासाठी निवडलेला रंगच त्याच्यासाठी सर्वांत मंद.

आणखी एक गोष्ट नीट दिसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोन पट्टे शेजारी ठेवले तर अनेक रंगांध माणसे त्यांतला फरक सांगतात. घोळ होतो तो पट्टा लांब असताना. नकाशातला जिल्हा वर उजवीकडे, रंगांची सूची खाली डावीकडे, आणि मधे इतर तीस जिल्हे. तिथे ‘ही छटा सूचीतली कुठली?’ हे डोक्यात धरून ठेवावे लागते. फोनवर कुणी ‘तो हिरवा भाग बघ’ म्हणाला की आणखीच अवघड. रंगाच्या नावाने बोलणे हे रंगांध माणसासाठी रंग पाहण्याहून त्रासाचे असते. ‘सरळ दोन रंग दिसतायत की’ असे म्हणून चाचणी संपवणाऱ्यांची चूक इथे होते.

मग रंग कोणते घ्यायचे? या प्रश्नाचे सर्वांत जास्त वापरले गेलेले उत्तर जपानमधून आले. मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या पहिल्या दशकात आठ रंगांचा एक संच मांडला. तो आज ‘ओकाबे-इतो’ याच नावाने ओळखला जातो. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा. संख्याशास्त्रज्ञांच्या आवडत्या ‘आर’ या भाषेत तो आता तयारच मिळतो.

या संचाची गंमत अशी की त्यात लाल आणि हिरवा दोन्ही आहेत, फक्त दोघांना थोडे सरकवले आहे. लालाच्या जागी शेंदरी, `#D55E00`. म्हणजे पिवळ्याच्या बाजूला झुकलेला लाल, जो लाल बाजूच्या पेशी नसलेल्यालाही मंद दिसत नाही. हिरव्याच्या जागी `#009E73`, ज्यात निळा मिसळला आहे. निळ्या-पिवळ्याचा फरक शाबूत असतो, हे वर आलेच. एक रंग पिवळ्याकडे आणि दुसरा निळ्याकडे ढकलला की दोघांत पुन्हा अंतर पडते. चौकातल्या वाहतूक दिव्यांचा हिरवाही पोपटी न ठेवता निळसर ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे.

पण हा संच म्हणजे रामबाण नव्हे, आणि त्याच्या मर्यादा न सांगताच तो सुचवला जातो. पहिली मर्यादा पिवळ्याची. संचातला पिवळा, `#F0E442`, पांढऱ्या कागदावर ठेवला तर दोघांतले गुणोत्तर १.३ येते. वेबपानांच्या सुगम्यतेसाठी जे जागतिक निकष आहेत, त्यांत २०१८ पासून आलेखातल्या महत्त्वाच्या रेषा आणि आकारांसाठी किमान ३ हे गुणोत्तर सांगितले आहे. नारिंगी आणि आकाशीही त्या कसोटीला उतरत नाहीत. दोन्ही सव्वादोनच्या आसपास अडकतात. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पातळ रेषा काढायची तर निळा, शेंदरी, निळसर हिरवा आणि काळा हे चार आधी वापरावेत. पिवळा, नारिंगी आणि आकाशी हे भरीव स्तंभांसाठी ठेवावेत, तेही गडद किनार देऊन.

दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. संचातला निळा आणि शेंदरी ही जोडी रंगांध वाचकाला अगदी स्पष्ट वेगळी दिसते. पण दोघांच्या उजळपणातले गुणोत्तर पुन्हा १.३च्या घरात आहे. रंगीत पडद्यावर छान दिसणारा हा आलेख कार्यालयातल्या कृष्णधवल प्रिंटरवर छापला, किंवा त्याची झेरॉक्स काढली, की दोन्ही स्तंभ एकाच करड्या रंगाचे होतात. मग झेरॉक्स हातात घेतलेल्या सगळ्यांचेच सारखे हाल. रंगांधांना चालेल असा संच आणि झेरॉक्समध्ये टिकेल असा संच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कागद ज्या वाटेने फिरतो ती पाहता आपल्याकडे दुसऱ्या कसोटीला कमी लेखून चालणार नाही.

तिसरी गोष्ट संचाच्या वापराची. ओकाबे-इतोचे आठ रंग वेगवेगळ्या जातींच्या गोष्टींसाठी आहेत: ऊस, कापूस, सोयाबीन, तूर. त्यांत चढउतार नाही. पण कोरोनाचे विभाग चढत्या क्रमाचे होते, सौम्य, मध्यम, गंभीर. पावसाची तूट, हवेची गुणवत्ता, धरणातला साठा हेही क्रमाचेच. क्रम दाखवायचा तर फिक्याकडून गडदाकडे जाणारी पायरी हवी, कारण ती कुठल्याही डोळ्याला कळते. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी नकाशांसाठी असे संच तयार करून ‘कलरब्रूअर’ या नावाने खुले केले. त्यातला पिवळा-नारिंगी-तपकिरी संच तीन पायऱ्यांत `#FFF7BC`, `#FEC44F`, `#D95F0E` असा येतो. जास्त पायऱ्या हव्या असतील तर ‘व्हिरिडिस’ हा गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारा पट्टा आहे. पायथॉनच्या आलेखांमध्ये तो मुद्दाम इंद्रधनुषी पट्ट्याची सद्दी मोडण्यासाठी आणला गेला.

कोरोनाच्या नकाशाला मात्र पिवळा-तपकिरी संच जसाच्या तसा लावता येत नाही, कारण विभागांची नावेच रंगांची होती. ‘हिरवा विभाग’ असे लिहून खाली साय रंगवली तर नीट दिसणारे गोंधळतील. अशा वेळी नाव राखून छटा बदलायची. हिरवा म्हणजे फिका, पुदिन्याच्या जवळचा निळसर हिरवा, समजा `#B7E3D3`. नारिंगी म्हणजे मधला, `#E69F00`. लाल म्हणजे खूप गडद लाल, `#8B0000`. नावे तीच राहिली, पण आता फिका, मध्यम, गडद अशी पायरी तयार झाली. हिरव्या-नारिंगीतले गुणोत्तर १.६ झाले, नारिंगी-लालातले ४.४, आणि ज्या जोडीने यवतमाळ-वर्ध्यात घोळ घातला होता त्या लाल-हिरव्यातले १.३ वरून थेट ७.१. रंगांध वाचकाला आता वर्धा फिका करडट आणि यवतमाळ काळपट तपकिरी दिसेल. तो ‘हिरवा’ म्हणणार नाही कदाचित, पण चुकणारही नाही. कृष्णधवल झेरॉक्सही निभावून जाईल.

हिरव्या-नारिंगीतला १.६ अजून तोकडाच आहे, हे मान्य करायला हवे. फिका आणखी फिका केला तर तो कागदात विरतो, नारिंगी गडद केला तर लालाकडे सरकतो. तीन पायऱ्यांतच रंगाची दमछाक होते. इथून पुढे रंगाला सोबती द्यावा लागतो.

पहिला सोबती पोत, म्हणजे रंगावर ओढलेल्या रेघा. नकाशात फक्त लाल जिल्ह्यांवर तिरप्या पांढऱ्या रेघा माराव्यात, नारिंगी आणि हिरवे साधे ठेवावेत. तिन्ही विभागांना वेगवेगळा पोत देण्याचा मोह होतो: एकाला ठिपके, एकाला चौकडी, एकाला रेघा. तो आवरावा. शेजारीशेजारी दाट पोत आले की डोळ्यांपुढे ते थरथरू लागतात, आणि नकाशा लहान करून मोबाइलवर पाठवला की बारीक रेघांची जाळी होऊन भलतेच पट्टे उमटतात. पोत एकाच गोष्टीला, आणि तीही सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीला दिला तर नजर तिथे आपोआप जाते. रेघांमधले अंतर किती? ज्या आकारात नकाशा शेवटी पाहिला जाणार आहे त्या आकारात रेघा सुट्या मोजता आल्या पाहिजेत, एवढी कसोटी पुरते.

दुसरा सोबती अक्षर. प्रत्येक जिल्ह्यावर ‘ला’, ‘ना’, ‘हि’ अशी एकेक खूण टाकली तर सूचीपर्यंत डोळा न्यायची गरजच संपते. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांना हे सहज जमते. मुंबई शहर तेवढे बाहेर रेघ काढून लिहावे लागेल. ७३३ जिल्ह्यांच्या देशपातळीवरच्या नकाशात हे शक्य नाही, तिथे पोतावरच भिस्त. हवामान विभागाच्या इशाऱ्यांबाबत आपण एका अर्थी सुदैवी आहोत. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे त्यांचेही रंग तसे अडचणीचेच. पण बातमीत ‘रायगडला रेड अलर्ट’ असे शब्दांत येते, त्यामुळे नकाशा न वाचता आलेला माणूसही अडत नाही.

रेषांच्या आलेखात गणित थोडे बदलते. समजा कोयना, उजनी, जायकवाडी आणि गोसीखुर्द यांचा साठा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चार रेषांनी दाखवायचा आहे. पातळ रेषेचा रंग ओळखणे नीट दिसणाऱ्यालाही जड जाते, कारण रंगाला जागाच थोडी मिळते. रंगांध वाचकाला तर त्याहून जड. इथे तीन गोष्टी कराव्यात आणि त्यांचा क्रमही पाळावा. आधी सूचीचा चौकोन काढून टाकून प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाला धरणाचे नाव लिहावे. निम्मे काम इथेच संपते. मग रेषेची जात बदलावी: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, एक जाड. ज्या धरणाची बातमी आहे ते सलग आणि जाड असावे. आणि दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तरच त्यांवर वर्तुळ, त्रिकोण असे बिंदू बसवावेत. छेदल्यानंतर कोणती रेषा कुठे गेली हे सांगण्यापुरतेच त्यांचे काम. सगळ्या रेषांवर दर आठवड्याला एक बिंदू टाकला तर आलेख मण्यांच्या माळांनी भरतो आणि चढउतार दिसेनासा होतो.

रेषा सहा-सातच्या पुढे गेल्या तर रंग, जात, बिंदू यांपैकी काहीच पुरे पडत नाही. तेव्हा एकाच आलेखात सगळे कोंबण्याऐवजी छोटे छोटे आलेख शेजारी मांडावेत, प्रत्येकात एकच धरण ठळक आणि बाकीची फिकी करडी. जुन्या छापील अहवालांत शाई एकच असल्यामुळे असेच करावे लागे आणि ते आलेख आजही चटकन वाचता येतात.

स्थितिदर्शक दिव्यांचा प्रश्न आलेखापेक्षा कडक आहे, कारण तिथे तुलनेला दुसरे काही नसते. चार्जरवर एकच ठिपका असतो, भरत असताना लाल आणि भरल्यावर हिरवा. जागा तीच, आकार तोच, बदलतो फक्त रंग. अनेक रंगांध माणसांना हा दिवा काहीच सांगत नाही. भ्रमणध्वनी भरला की नाही हे ते भ्रमणध्वनी उघडूनच पाहतात. याच्या उलट घरोघरी आलेल्या फायबर इंटरनेटच्या खोक्यावर ‘LOS’ लिहिलेला दिवा पाहावा. तार तुटली की तो लाल होतो, पण त्याची जागा वेगळी आहे, खाली नाव आहे आणि बहुतेक खोक्यांवर तो लुकलुकतो. तक्रार केंद्रातला माणूस ‘एलओएस लुकलुकतोय का?’ असे विचारतो तेव्हा रंगाचा उल्लेख न करताही काम होते. जागा, नाव, हालचाल आणि मग रंग. चारांपैकी एक निकामी झाला तरी तीन उरतात.

रेल्वेला हे फार पूर्वी कळले होते. हाताच्या जुन्या सिग्नलमध्ये दिवसा चालक रंगावर विसंबत नसे. हात आडवा म्हणजे थांबा, तिरपा म्हणजे चला. पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या हाताचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले असे, म्हणजे लांबूनही तो वेगळा कळावा. रंगाची मदार रात्रीच्या दिव्यावर येई. भारतीय रेल्वे आजही इंजिनचालकाची रंगदृष्टी काटेकोरपणे तपासून घेते. कार्यालयातला तक्ता वाचणाऱ्याला अशी परीक्षा नसते, म्हणून तिथे परीक्षा तक्त्याचीच घ्यावी लागते.

तो तक्ता बहुधा एक्सेलमध्ये असतो. पाणीपुरवठ्याच्या कामांची यादी, प्रत्येक कामापुढे एक रंगीत गोल: हिरवा म्हणजे वेळेत, पिवळा म्हणजे उशीर, लाल म्हणजे अडकलेले. एक्सेलच्या Conditional Formatting मध्ये Icon Sets उघडले की `3 Traffic Lights` मिळतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण त्याच यादीत `3 Signs` नावाचा संच आहे, ज्यात हिरवा गोल, पिवळा त्रिकोण आणि लाल चौकट येते. `3 Symbols` मध्ये बरोबरची खूण, उद्गारचिन्ह आणि फुली येते. एका क्लिकमध्ये रंगाला आकार जोडला जातो. आकार निवडताना बाह्यरेषा पाहावी. गोल आणि षटकोन, किंवा चौरस आणि गोलसर कोपऱ्यांचा चौरस, लहान आकारात सारखेच दिसतात. गोल, त्रिकोण आणि फुली यांची गल्लत होत नाही.

आणि चिन्हाच्या शेजारी एक स्तंभ शब्दांचा असू द्यावा: ‘वेळेत’, ‘उशीर’, ‘अडकले’. हा सर्वांत कमी नटवा उपाय आहे आणि सर्वांत उपयोगी. चिन्हावरून शोध घेता येत नाही, शब्दावरून घेता येतो. तक्त्याचा फोटो अंधुक आला तरी शब्द वाचता येतो. काही अधिकाऱ्यांना हा स्तंभ ‘जागा खातो’ असे वाटते. मग रंगीत गोल काढावा, शब्द ठेवावा.

सगळे झाल्यावर तपासणी. क्रोम ब्राउझरमध्ये DevTools उघडून Rendering या भागात `Emulate vision deficiencies` अशी सोय आहे. `Protanopia` निवडले तर लाल बाजूच्या पेशी नसलेल्याला आणि `Deuteranopia` निवडले तर हिरव्या बाजूच्या पेशी नसलेल्याला पान कसे दिसेल, याचा अंदाज येतो. भ्रमणध्वनीच्या सुगम्यतेच्या सेटिंगमध्येही पडदा करडा करण्याची सोय बहुधा असते. उजळपणाची पायरी नीट आहे का, हे तिथे क्षणात कळते. या सोयी पेशी पूर्णपणे नसल्याचे, म्हणजे टोकाचे चित्र दाखवतात. प्रत्यक्षात सर्वांत मोठा गट आहे तो हिरव्या बाजूच्या पेशी असूनही सरकलेल्या असणाऱ्यांचा, आणि त्यांच्यात सौम्य ते तीव्र अशा सगळ्या पायऱ्या असतात. म्हणून टोकाच्या चित्रात पास झालेला तक्ता बहुतेकांना चालतो. नापास झालेला सगळ्यांनाच अडवेल असे नाही. शिवाय असे चित्र नीट दिसणारा माणूस पाहतो तेव्हा कोणता जिल्हा लाल हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे ‘दिसतंय की’ हा निकाल फार लवकर लागतो.

त्यापेक्षा प्रश्न विचारावा. नकाशा किंवा तक्ता कृष्णधवल छापून, तो तयार करण्यात भाग न घेतलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा. सोलापूर कोणत्या विभागात? त्याच्या शेजारचे कोणते जिल्हे वेगळ्या विभागात आहेत? अडकलेली कामे किती? उत्तर द्यायला तो सूचीकडे पुन्हा पुन्हा जात असेल, किंवा बोट ठेवून मोजत असेल, तर कुठे दुरुस्ती हवी ते तिथेच कळते. कार्यालयात कुणी रंगांध असेल आणि त्याची हरकत नसेल तर हीच परीक्षा त्याच्याकडून रंगीत प्रतीवर घ्यावी. मात्र कुणी पुढे येईल याची वाट पाहू नये. आपल्याला रंग कळत नाहीत हे अनेकांना मोठेपणापर्यंत ठाऊक नसते आणि ठाऊक असलेले बैठकीत ते सांगत नाहीत. तेव्हा पुढचा रंगीत तक्ता गटावर टाकण्याआधी त्यात शब्दांचा तो एक स्तंभ घालावा.